पेपरआधी धीर देणाऱ्या मॅडमना उत्तर लिहिताना या चुका टाळा

बारावीचा फिजिक्सचा पेपर उद्यावर आलेला. रात्री मॅडमचा मेसेज येतो: "आता नवीन काही उघडू नकोस. सेक्शन डीमध्ये पाचांतले तीनच सोडवायचेत. एक अडलं तर दुसरं धर. सकाळी खाऊन जा." पेपर सुटतो, संध्याकाळी उत्तर जातं: "थँक्यू मॅम", पुढे जोडलेले हात. काही जण तर तेवढंही करत नाहीत, नुसता अंगठा दाखवून मोकळे होतात.

यात उद्धटपणा काहीच नाही, मॅडम रागावणारही नाहीत. पण त्यांनी लिहिलेल्या चार वाक्यांपैकी नेमकं कोणतं कामाला आलं, हे त्यांना कळत नाही. पुढच्या बॅचला आदल्या रात्री काय लिहावं, हे त्यांना अशा उत्तरांतूनच समजत असतं. म्हणून थोडं जास्त लिहायचं, पण नेमकं.

"थोडं जास्त" म्हटलं की बहुतेकांची गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. हा एक नेहमीचा नमुना:

"आदरणीय मॅडम, आपण दिलेल्या अनमोल मार्गदर्शनाबद्दल मी आपली शतशः ऋणी आहे. आपल्यासारखे गुरू लाभले हे माझे परमभाग्य. आपले आशीर्वाद असेच पाठीशी राहोत."

शाळेच्या निरोप समारंभात हे खपून जातं. व्हॉट्सॲपवर, मॅडम रोज जिला "ए, वही दाखव" म्हणतात त्या मुलीकडून आलं की वाचणाऱ्याला कुठूनतरी उचलल्यासारखं वाटतं. एक साधी तपासणी करा: हाच मजकूर केमिस्ट्रीच्या सरांना, क्लासच्या सरांना किंवा गेल्या वर्षीच्या मॅडमना एक अक्षरही न बदलता पाठवता येतो का? येत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही.

आता तीच मुलगी, तोच पेपर:

"मॅडम, तुमचा कालचा मेसेज आज अगदी वेळेवर आठवला. सेक्शन डीमध्ये मी रोलिंगचं डेरिव्हेशन आधी घेतलं आणि अर्ध्यातच अडकले. एरवी मी तिथेच खोडत बसले असते. 'एक अडलं तर दुसरं धर' आठवलं, म्हणून ते तसंच सोडून यंगच्या प्रयोगावरचं घेतलं. ते सरळ सुटलं, पुढचे दोनही झाले. रोलिंगकडे परत जावंच लागलं नाही. आणि हो, पोहे खाऊन गेले होते. खूप खूप आभार."

यात "अनमोल" नाही, "ऋणी" नाही. मॅडमचेच शब्द त्यांना परत मिळालेत, ते पेपरात कुठे उपयोगी पडले ते सांगितलंय आणि ते नसते तर काय झालं असतं तेही आलंय. "एरवी मी तिथेच खोडत बसले असते" हे वाक्य माझ्या मते सगळ्यात मोलाचं. मॅडमना या मुलीची ती सवय ठाऊक आहे, म्हणून तर तो सल्ला आला होता. चार मार्कांचा प्रश्न अडला म्हणून तिथेच वीस मिनिटं घालवायची, हा सत्तर मार्कांच्या पेपरातला नेहमीचा घात आहे. पोह्यांचं वाक्य हलकंफुलकं आहे, पण मेसेजची शेवटची ओळसुद्धा वाचली होती, हे त्यातून पोचतं.

इतकं लांब सुचत नसेल तर मेसेजमधलं एकच वाक्य निवडा आणि त्याचं काय झालं तेवढंच लिहा. दोन ओळी पुरतात.

कधी पाठवायचं, इथेच जास्त गडबड होते

आदल्या रात्री आलेल्या मेसेजला त्याच रात्री लांबलचक उत्तर देऊ नका. ते दिलं की पलीकडून पुन्हा काही येतं, मग तुमची एक शंका, मग आणखी एक, आणि साडेअकरा वाजतात. "वाचलं मॅडम, आता झोपते" एवढं बास. खरं उत्तर पेपरनंतर, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. लगेच पुढचा पेपर असेल तर शेवटचा पेपर झाल्यावर लिहा, फक्त कोणतं वाक्य कुठे आठवलं ते कुठेतरी टिपून ठेवा.

दुसरं टोक म्हणजे निकालाची वाट पाहणं. "चांगले मार्क पडले की पेढे घेऊनच जाईन" हा विचार चांगला आहे, पण लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि निकाल मे महिन्याच्या आसपास. तोवर सेक्शन डी विसरायला होतं. शिवाय मार्क कमी पडले की तोंड दाखवायची लाज वाटते आणि आभार राहून जातात ते राहूनच जातात. मॅडमनी धीर दिला होता तो परीक्षेच्या आधी, त्याचा टक्क्यांशी संबंध जोडायचं कारण नाही. पेढे नंतर न्याच. गुरुपौर्णिमेपर्यंत थांबलात तर शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात तुमचा मेसेज शोधूनही सापडणार नाही.

उशीर झालाच असेल, तर "सॉरी मॅडम, खूप दिवसांनी" यावर चार ओळी खर्च करू नका. सरळ मुद्द्यावर या.

पेपर वाईट गेला असेल तर

इथे दोन चुका होतात. एक, "मस्त गेला मॅडम" असं खोटं सांगणं. दुसरी त्याहून अवघड: "सॉरी मॅडम, मी तुम्हाला निराश केलं." हे वाचल्यावर मॅडमना पुन्हा समजूत घालत बसावं लागतं. आभार बाजूलाच राहतात आणि त्यांच्यावर आणखी एक काम येतं. त्यापेक्षा असं लिहा:

"मॅडम, पेपर मनासारखा गेला नाही, न्यूमेरिकल्समध्ये वेळ गेला. पण काल तुमचा मेसेज वाचून पुस्तक मिटलं आणि झोप लागली, नाहीतर रात्रभर जागीच राहिले असते. त्याबद्दल थँक्यू. पेपरचं दोन दिवसांनी बोलते."

पेपर आणि आभार इथे वेगवेगळे झालेत. पेपर बिघडला तरी मिळालेली झोप खरी आहे, तिचे आभार मानायला हरकत काय?

काही गोष्टी झटपट. आभारांच्या शेपटीला "आणि मॅडम, एमसीक्यूमधल्या चौथ्याचं उत्तर बी ना?" किंवा "केमिस्ट्रीच्या नोट्स आहेत का?" हे लावू नका, वरचं सगळं त्यासाठीच लिहिलं होतं असं वाटतं. शंका दुसऱ्या दिवशी वेगळी विचारा. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांबरोबर "थँक्यू" म्हणायला हरकत नाही, पण आपला पेपर कसा सुटला ते तिथे सांगत बसू नका. त्याच ग्रुपवर कुणीतरी रडून आलेलं असतं. "तुम्ही आहात म्हणून, नाहीतर बाकीचे सर लक्षच देत नाहीत" हे तर अजिबात नको. स्क्रीनशॉट फिरतात आणि स्टाफरूम एकच असते. रोज "तुम्ही" म्हणत असाल तर लिहितानाही "तुम्ही"च ठेवा, मध्येच "आपण" आणि शेवटी पुन्हा "तुम्ही" असं करू नका. आणि "तुमच्यामुळेच पास होणार" हे राहू द्या. पेपर कुणी लिहिला ते मॅडमना माहीत आहे.

यावर बहुधा लगेच येतं: "छान! आता केमिस्ट्रीला लाग." त्याला परत "थँक्यू मॅडम" नको. एक हृदयाची खूण द्या आणि केमिस्ट्रीला लागा.