मधुमेही मांजराचं खाणं बदलताय? आधी इन्सुलिनचं बोला

मांजर सतत पाणी पितंय, भरपूर खातंय आणि तरी वाळत चाललंय, तर मधुमेहाची शंका घ्यावी. साखर रक्तात असते, पण पेशींपर्यंत पोचत नाही. म्हणून भूक भागत नाही. जादा साखर लघवीतून जाताना पाणीही ओढून नेते.

उपचारात इन्सुलिन सहसा दर १२ तासांनी देतात. आधी खाऊ घाला, खाल्लं हे बघा, मगच टोचा. खाल्लं नाही किंवा उलटी झाली, तर नेहमीचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट देणं तर जिवावर बेतू शकतं.

खरी गफलत आहार बदलताना होते. कोरडं खाणं बंद करून कमी कर्बोदकांचं ओलं खाणं सुरू केलं, की साखर उतरते. डोस मात्र जुनाच राहतो. समजा, २ युनिटवर स्थिर असलेलं मांजर चार दिवसांनी झोकांड्या देऊ लागलं, तर साखर फार खाली गेलेली असू शकते. शुद्धीत असेल तर खायला द्या, नाहीतर हिरड्यांना थोडा मध चोळा (घशात ओतू नका) आणि लगेच दवाखाना गाठा.