रिंगांचे पीस तोडायच्या आधी एवढं बघून घ्या

उद्या बीमच्या रिंगा करायच्या असतील तर कटरला हात लावायच्या आधी ड्रॉइंगवर कव्हर किती लिहिलंय ते बघा, आणि ते कव्हर रिंगच्या बाहेरच्या अंगापासून धरायचं, मेन सळईपासून नाही, कारण आयएस ४५६ मध्ये कव्हर रिंगसकट सगळ्या स्टीलला लागू आहे. आपण २३० बाय ४५० चा बीम घेऊ, कव्हर २५, रिंग ८ एमएमची. दोन्ही बाजूंनी २५ गेले की रिंग बाहेरून बाहेर १८० बाय ४०० उरते आणि चारही बाजूंची बेरीज ११६० एमएम होते.

आता हूक. साइटवर १०डी धरतात, म्हणजे ८० एका टोकाला, दोन्हीचे १६०. आयएस १३९२० (२०१६) नुसार १३५ अंशाच्या वाकाच्या पुढे सरळ शेपूट ६डी लागतं पण ६५ च्या खाली चालत नाही, त्यामुळे ८ च्या सळईला ६डी म्हणजे ४८ धरून मोकळे होऊ नका.

वाक मोजताना मात्र बोटांवर मोजा. ९० चे तीन कोपरे, आणि चौथ्या कोपऱ्यात दोन्ही टोकं १३५ ला वळतात. ९० ला २डी वजा, १३५ ला ३डी वजा, म्हणजे ४८ अधिक ४८, एकूण ९६. मग ११६० + १६० − ९६ = १२२४ एमएम, हीच कटिंग लेंथ.

इथे एक चूक मी स्वतः केलीये. माप सेंटर टू सेंटर घेतलं (१७२ बाय ३९२) आणि वर परत वाकाचे ९६ पण कापले, त्यामुळे पीस ३२ ने आखूड पडला आणि फिटरने प्रत्येक हूक १६ ने कमी करून वेळ मारून नेली, ८० चे ६४ राहिले म्हणजे ६५ च्या पण खाली. उलट ९६ कापलेच नाहीत तर हूक प्रत्येकी ४८ ने लांबतात, बीमच्या पोटात एकमेकांवर येतात आणि व्हायब्रेटरची सुई अडकते.

१२ मीटरच्या बारमध्ये असे ९ पीस निघतात आणि ९८४ उरतं, ते भंगारात टाकू नका, २३० बाय १५० च्या लिंटेलची रिंग ६२४ ला बसते (कव्हर तेच २५).

आणि ढीग तोडायच्या आधी एकच पीस तोडून पाट्यावर वाकवा. २डी, ३डी हा अंदाजी हिशोब आहे, तुमच्या पाट्यावरची पिन जाड असेल तर कोपरा गोल होतो आणि सळई कमी लागते. बाहेरून १८० आणि ४०० येतंय का, दोन्ही कर्ण सारखे आहेत का, दोन्ही हूक सारखे उरलेत का बघा, हूक जास्त उरत असेल तर तेवढं १२२४ मधून कमी करा आणि मगच पुढचे पीस तोडायला सांगा.