‘रद्द झाला’ म्हणजे नक्की कुठे रद्द झाला?

यूजर स्टोरीचा साचा तुम्हाला माहीत असेलच: कोण, काय हवं, कशासाठी. तो मलाही पाठ होता. तरी पहिल्याच ॲपवर मी एका स्टोरीत असा अडकलो की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो.

ॲप छोटं होतं, घरगुती मेसच्या डब्यांचं. स्टोरी अशी: ‘डबा लावलेला ग्राहक म्हणून मला उद्याचा डबा रद्द करता यावा, म्हणजे न खाल्लेल्या डब्याचे पैसे लागणार नाहीत.’ इथवर ठीक होतं. त्याखाली मी ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणून दोन ओळी लिहिल्या: ‘रद्द करा’ बटण दाबल्यावर ‘डबा रद्द झाला’ असा संदेश दिसावा, रात्री ९ नंतर बटण बंद असावं.

डेव्हलपरने अगदी तसंच बांधलं. बटण दाबलं की संदेश लगेच दिसायचा, सर्व्हरला निरोप मागाहून जायचा. लिफ्टमध्ये किंवा तळघराच्या पार्किंगमध्ये रेंज नसली की तो निरोप पोचायचाच नाही. ग्राहकाच्या फोनवर डबा रद्द, मेसच्या यादीत डबा चालू. दुसऱ्या दिवशी डबा दारात आणि पैसेही लागलेले. माझ्या क्रायटेरियाप्रमाणे मात्र टेस्ट पास झाली होती, कारण मी स्क्रीनवर काय दिसेल एवढंच लिहिलं होतं. खरं कुठे ठरतं, ते लिहिलंच नव्हतं.

हाच सापळा नीट समजून घ्या, कारण वाचताना तो सापळा वाटत नाही. ‘रात्री ९’ म्हणजे कोणाच्या घड्याळातले ९? फोनचं घड्याळ मागे केलं तर बटण पुन्हा चालू व्हायचं. ८:५९ला दाबलं आणि निरोप ९:०१ला पोचला तर काय? हे डेव्हलपर ठरवू शकत नाही, मीही नाही. मेसच्या काकूंना विचारल्यावर कळलं की त्या भाजीची आणि पिठाची मापं सव्वानऊला काढतात. म्हणजे पाच मिनिटं उशीर त्यांना चालत होता. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललो असतो तर एक आख्खा स्प्रिंट वाचला असता.

आणि ‘उद्या’? आमच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सोमवारची रात्र उलटून मंगळवार लागल्यावर, साडेबाराला, ग्राहकाला बुधवारचा डबा रद्द करायचा असतो. सर्व्हरच्या लेखी मात्र अजून सोमवार संध्याकाळचे ७ वाजलेले असतात, म्हणून त्याचा ‘उद्या’ मंगळवार. मंगळवारच्या डब्याची मुदत भारतीय वेळेप्रमाणे टळलेली, म्हणून नकार. ‘आज’, ‘उद्या’, ‘लगेच’ हे शब्द क्रायटेरियात दिसले की मी आता थांबतो.

नंतर लिहिलेले क्रायटेरिया असे होते:

बटणावर वार आणि तारीख दिसते, भारतीय वेळेप्रमाणे.

निरोप सर्व्हरला आदल्या रात्री ९:०५पर्यंत पोचला, तर डबा मेसच्या यादीतून निघतो आणि त्यानंतरच ‘रद्द झाला’ दिसतं.

९:०५नंतर पोचला, तर डबा यादीत तसाच राहतो आणि ‘मुदत संपली, डबा येईल’ असं दिसतं.

नेट नसेल, तर ‘रद्द झालेला नाही, नेट आल्यावर पुन्हा दाबा’ असं दिसतं.

चारच आहेत. वीस झाले तर स्टोरी फोडा. डबा रद्द करणं ही एक, महिन्याच्या बिलातून पैसे वजा होणं ही दुसरी.

डेफिनिशन ऑफ डन इथे मिसळू नका. क्रायटेरिया त्या एका स्टोरीचे असतात, डन सगळ्यांना सारखं लागू. ९:०५ हा डबा रद्द करण्याचाच नियम, तो क्रायटेरियात. पण ‘विमान मोड लावून तपासलं’ हे प्रत्येक स्क्रीनला लागतं, म्हणून ते आम्ही डनमध्ये नेलं. त्यासोबत एवढंच ठेवलं: दुसऱ्याने कोड पाहिला, फोनचा फाँट सर्वांत मोठा करूनही मराठी मजकूर कापला जात नाही, आणि बिल्ड लिहिणाऱ्याच्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या जुन्या, स्वस्त फोनवर चालवलं. स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी ‘एवढं सोडून द्या’ म्हणणारे भेटतील. सोडू नका, ती स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये जाऊ द्या.

तयार टेम्प्लेट उतरवून घेण्याबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात चौकटी असतात, काकूंचं सव्वानऊ नसतं. शिकायचंच तर टेस्टरकडून शिका. माझ्या चार ओळी घडल्या त्या आमच्या टेस्टरने शेजारी बसून प्रत्येक ओळीला ‘हे मी कसं तपासू?’ असं विचारल्यामुळे.

सुरुवातीला एका स्टोरीला दीड-दोन तास लागतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मला तेवढेच लागायचे. सातव्या-आठव्या स्टोरीपर्यंत नेट नसण्याचा प्रश्न टेस्टरच्या आधी माझ्याच मनात यायला लागला.