खात्यात पैसे असूनही हप्ता बाउन्स, दंड परत मिळाला (माझा अनुभव)

खात्यात १४ हजार, गाडीचा हप्ता ६,२००, तरी बाउन्स आणि वर ५०० अधिक ९० जीएसटी असा दंड. केवायसी मी आधीच दिलेली, बँकेने चढवलीच नाही आणि खातं गोठवलं. कस्टमर केअरला चार फोन, शाखेत दोन चकरा, नुसतं "बघतो सर", डोकंच फिरलं.

मग आधी शाखेतून नॅच रिटर्नचं, म्हणजे हप्त्याची आपोआप होणारी कपात परत गेल्याचं, कारण लेखी घेतलं, त्यात पैसे अपुरे असं नव्हे, तर खातं ब्लॉक असं होतं, खरा पुरावा हाच. त्याला त्या दिवसाचं स्टेटमेंट आणि केवायसीची शिक्केवाली पोच जोडून तक्रार विभागाला मेल केला, मागण्या दोनच: ५९० जीएसटीसकट परत, आणि चूक बँकेची असं पत्र, कारण फायनान्स कंपनीने लावलेला लेट चार्ज काढायला तेच दाखवायचं होतं. ३० दिवसांत नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर, cms.rbi.org.in वर जाणार हेही लिहिलं. नवव्या दिवशी ५९० जमा, पत्र मात्र शाखेत जाऊन आणावं लागलं.