विधीची गाणी रेकॉर्ड करताय? मग एका सहीवर सगळं उरकू नका

फिल्डवर्कला निघताना बॅगेत रेकॉर्डर, जादा बॅटऱ्या आणि संमतीपत्रांचा गठ्ठा असतो, सही मिळाली की आपण निर्धास्त. मीही तसाच होतो. पण विधीच्या गाण्यांत सगळ्यात मोठा घोळ या सहीपाशीच होतो.

माझ्याकडून काय झालं ते सांगतो. माणूस गेल्यावर रात्रभर म्हणतात ती गाणी मला हवी होती. वस्तीच्या प्रमुखानं फॉर्मवर सही केली आणि मी तीन रात्री रेकॉर्डिंग केलं, एकूण अकरा गाणी. गाणाऱ्या सगळ्या बायका होत्या आणि त्यांना मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. महिन्याभरानं परत गेलो, त्यांना आनंद होईल म्हणून अंगणात लॅपटॉपवर एक गाणं लावलं, तर पुढे गाणाऱ्या आजींनी उठून लॅपटॉपचं झाकणच खाली केलं. "घरात कोणी गेलेलं नसताना हे वाजवायचं नसतं रे, बोलावल्यासारखं होतं." बाजूला पोरं खेळत होती, त्यांना आधी घरात पाठवलं.

पहिली चूक तर उघड आहे, परवानगी चुकीच्या माणसाकडून घेतली. वस्तीत यायची परवानगी प्रमुख देऊ शकतो, पण गाणं कधी गायचं आणि कोणासमोर, हे ज्यांच्याकडे ते चालत आलंय तेच ठरवतात. म्हणून आता माझा पहिला प्रश्न असतो, "हे तुम्ही कोणाकडून शिकलात आणि तुम्ही कोणाला शिकवाल?" उत्तरातून आपोआप कळतं की आणखी कोणाला विचारायला हवं. आणि नकार नेहमी "नाही" असा येत नाही हो. गाणारी मधलं कडवं गाळते, आवाज उगाच खाली घेते, दुसरीकडे बघते, किंवा "पुढच्या वेळी बघू" म्हणते. असं दिसलं की रेकॉर्डर बंद करायचा, सही असली तरी.

दुसरी चूक जास्त खोल आहे. रेकॉर्ड करू का, या एका प्रश्नाच्या होकाराला मी सगळ्याचा होकार धरलं. खरं तर हे वेगवेगळे प्रश्न आहेत: रेकॉर्ड करू का, माझ्याकडे ठेवू का, वर्गात ऐकवू का, शब्द छापू का, अर्काइव्हला देऊ का, ऑनलाइन टाकू का. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं आणि ते रेकॉर्डिंग एकत्र ऐकल्यावरच नीट येतं, कारण आपण काय देतोय हे आधी कोणालाच दिसत नाही.

मग आम्ही तेच केलं. आजींनी सांगितलं तसं वस्तीपासून लांब बसलो, हेडफोन लावले, दोन दिवस एकेक फाइल ऐकली. दोन गाणी त्यांच्यासमोरच कायमची डिलीट केली, बॅकअपमधूनही. चार माझ्या अभ्यासापुरती राहिली, बाकी पाच अर्काइव्हला द्यायला हरकत नव्हती, मात्र ऑनलाइन नाही.

इथे आणखी एक गोष्ट सुटते, म्हणजे लोक ऑडिओ जपून ठेवतात आणि थेसिसच्या परिशिष्टात त्याच गाण्याचे पूर्ण शब्द नोटेशनसकट छापून टाकतात! ज्या गाण्याचे शब्दच राखीव आहेत त्याचं ते उघडं करणंच झालं. अशा वेळी चाल, आवाजाची घडण, कोण कधी उचलतं, यावर भरपूर लिहिता येतं, शब्दांना हात न लावता. नावाचंही तसंच, विद्यापीठाचा फॉर्म गृहीत धरतो की नाव लपवायचं, पण आजींना स्वतःचं आणि जिच्याकडून शिकल्या तिचंही नाव हवं होतं. विचारा, परस्पर ठरवू नका.

अटी वहीत राहिल्या तर दहा वर्षांनी कोणाला कळणार? त्या फाइलच्या मेटाडेटातच लिहा: कोणी ऐकायचं, कधी ऐकायचं, पुढे कोणाला विचारायचं. १८९० साली अमेरिकेतल्या मेन राज्यात मेणाच्या सिलिंडरवर घेतलेली तिथल्या पासामाक्वोडी आदिवासींची रेकॉर्डिंग्ज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, तिथल्या कॅटलॉगला आता त्या लोकांनी स्वतः ठरवलेली पारंपरिक ज्ञानाची लेबलं लावलीत, म्हणजे ते कसं वापरायचं याच्या त्यांच्या सूचना. तुमच्या फाइलला पहिल्या दिवसापासून हे करता येतं.

आणि गाणं आधीच ऑनलाइन गेलं असेल तर? आधी काढून टाका, मग अर्काइव्हला लेखी कळवून ती फाइल बंद करायला सांगा, आणि मग स्वतः जाऊन सांगा की किती दिवस वर होतं आणि कोणाकोणाकडे कॉपी असू शकते. सगळं परत आणता येणार नाही हेही स्पष्ट सांगायचं. आता त्यावर काय करायचं, एखादा विधी करायचा की आणखी काही, हे त्यांना ठरवू द्या आणि त्याचा खर्च आपण उचला.