‘ज्ञानासाठी चीनला जा’: शोधनिबंधात हदीसची सनद कशी तपासावी आणि तिचा दर्जा कसा लिहावा

‘ज्ञान मिळवा, मग त्यासाठी चीनला जावे लागले तरी चालेल, कारण ज्ञान मिळवणे हे प्रत्येक मुस्लिम स्त्री-पुरुषावर फर्ज आहे.’ प्रेषित मुहंमदांचे वचन म्हणून हे वाक्य आपण भाषणांत ऐकतो, फलकांवर वाचतो. आरंभीच्या इस्लामी काळातील शिक्षणावर लिहिताना निबंधाची सुरुवातही याच वाक्याने करावी असा मोह होतो. मग तळटिपेत नुसते ‘हदीस’ असे लिहून विद्यार्थी पुढे सरकतो. त्या एका शब्दाच्या जागी काय लिहायला हवे आणि तिथवर कसे पोहोचायचे, हे याच वाक्यावर करून पाहू.

आधी दोन-तीन शब्द. मराठीत सनद म्हणजे राजाने दिलेला हक्काचा कागद किंवा वकिलीचा परवाना. हदीसच्या अभ्यासात सनद म्हणजे हे वचन कोणी कोणाकडून ऐकले, त्या माणसांची साखळी. ‘ज्यावर टेकायचे तो आधार’ हा मूळ अरबी अर्थ दोन्हीकडे आहे. साखळीतला प्रत्येक माणूस म्हणजे रावी, आणि साखळी संपल्यावर येणारे प्रत्यक्ष वचन म्हणजे मतन.

पहिली पायरी: वाक्याचे तुकडे करा

प्रसिद्ध वाक्ये बहुधा जोडकाम केलेली असतात. आपल्या वाक्यात तीन तुकडे आहेत: चीन, फर्ज आणि ‘स्त्री’. प्रत्येक तुकडा अरबीत वेगळा शोधा. मराठी किंवा उर्दू भाषांतरावरून शोधू नका, कारण भाषांतरकाराने घातलेला शब्द मूळ संग्रहात सापडणार नाही.

शोधल्यावर तिन्ही तुकड्यांची गत वेगवेगळी निघते. फर्जचा तुकडा सुन्नी परंपरेतल्या सहा प्रमुख संग्रहांपैकी एकात, म्हणजे इब्न माजा यांच्या ‘सुनन’मध्ये 224 व्या क्रमांकावर आहे. चीनचा तुकडा त्या सहांपैकी एकातही नाही. तो बैहकी (मृत्यू हिजरी 458) यांच्या ‘शुअब अल-ईमान’मध्ये भेटतो, आणि इब्न अल-जौझींनी तर तो बनावट वचनांच्या संग्रहात घातला आहे. ‘आणि मुस्लिम स्त्रीवर’ हे शब्द कुठल्याही सनदीत नाहीत. लोकांच्या तोंडी असलेल्या वचनांची छाननी करणाऱ्या सखावींनी (मृत्यू हिजरी 902) स्पष्ट लिहिले आहे की काही लेखकांनी हे शब्द मागाहून जोडले, मात्र त्यांचा अर्थ बरोबर आहे. अरबीतले ‘मुस्लिम’ हे पुल्लिंगी रूप इथे सर्वांसाठी आहे, असे विद्वान मानत आले. निबंधात हा फरक उघडपणे नोंदवा. हे शब्द गुपचूप गाळले तर वाचक ते पुन्हा स्वतःच जोडून वाचेल.

इब्न माजांचे मतन शेवटपर्यंत वाचा. त्यात फर्जच्या पुढे आणखी एक वाक्य आहे: अपात्राला ज्ञान देणारा म्हणजे डुकरांच्या गळ्यात रत्ने, मोती आणि सोने घालणारा. भाषणांत हे कधी येत नाही. पण दर्जा ठरवताना पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांचा निकाल वेगळा लागू शकतो, म्हणून तुम्ही नेमके किती उद्धृत करता आहात ते लिहून ठेवा.

दुसरी पायरी: साखळी एकाखाली एक उतरवा

परिच्छेदात वाचताना नावे एकमेकांत मिसळतात. कागदावर एका ओळीत एकच माणूस लिहा आणि त्याच्यासमोर ‘कसे ऐकले’ याचा शब्दही टाका:

इब्न माजा: ‘आम्हाला सांगितले’
हिशाम बिन अम्मार यांनी: ‘आम्हाला सांगितले’
हफ्स बिन सुलेमान यांनी: ‘आम्हाला सांगितले’
कसीर बिन शिंझीर यांनी: ‘यांच्याकडून’
मुहंमद बिन सिरीन: ‘यांच्याकडून’
अनस बिन मालिक: ‘प्रेषित म्हणाले…’

‘आम्हाला सांगितले’ (हद्दसना) म्हणजे समोरासमोर ऐकले. ‘यांच्याकडून’ (अन) हा सैल शब्द आहे. त्यात प्रत्यक्ष ऐकणे असू शकते, किंवा मधला माणूस गाळलेला असू शकतो. म्हणून ‘अन’ दिसले की तिथे खूण करा.

तिसरी पायरी: माणूस नक्की कोण, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा, कारण इथली चूक पुढे प्रत्येक ओळीत उतरते. माझ्या पहिल्या मसुद्यात ती झाली होती.

चरित्रकोशात ‘हफ्स बिन सुलेमान’ उघडले की दोन माणसे भेटतात. एक बसऱ्याचे मिन्करी, हदीसमध्ये विश्वासार्ह. दुसरे कूफ्याचे असदी, हदीसमध्ये नाकारलेले. पहिली नोंद वाचून थांबलात तर पूर्ण सनद भक्कम दिसू लागते.

निवाडा सनावळीवरून करायचा. मिन्करी हिजरी 130 मध्ये वारले. ज्यांनी ‘आम्हाला सांगितले’ म्हटले ते हिशाम बिन अम्मार जन्मले हिजरी 153 मध्ये, म्हणजे मिन्करींच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. त्यांनी मिन्करींकडून ऐकणे शक्यच नाही. असदी मात्र हिजरी 180 पर्यंत हयात होते, तेव्हा हिशाम सत्तावीस वर्षांचे होते. आता मिझ्झींच्या ‘तहझीब अल-कमाल’मध्ये पडताळा घ्या. तिथे प्रत्येक रावीखाली त्याचे गुरू आणि शिष्य यांची यादी असते. तुमच्या कागदावरच्या साखळीत त्याच्या खालचा माणूस गुरूंच्या यादीत आणि वरचा शिष्यांच्या यादीत सापडला की ओळख पक्की. निबंधात निष्कर्षासोबत हे कारणही लिहा.

हे असदी कोण, हे कळल्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. आज भारतात आणि जगात बहुतेक ठिकाणी कुरआन ज्या पठणपद्धतीने वाचला जातो ती ‘हफ्स’ पद्धत यांचीच.

चौथी पायरी: प्रत्येकावरचा शेरा वाचा

सुरुवात इब्न हजर (मृत्यू हिजरी 852) यांच्या ‘तकरीब अत-तहझीब’पासून करा. त्यात एकेका रावीचा निकाल एक-दोन ओळींत मिळतो. इब्न सिरीन: ‘सिका’, म्हणजे पूर्ण विश्वासार्ह. कसीर: ‘सदूक’, म्हणजे खरे बोलणारे, पण चुका करणारे. हिशामही सदूक, मात्र म्हातारपणी कोणी ‘ही तुमचीच हदीस’ असे सुचवले तर मान्य करून टाकणारे, म्हणून त्यांची जुनी कथने अधिक चांगली. आणि हफ्स: ‘मतरूक’, म्हणजे ज्यांची हदीस सोडून दिली आहे, त्याच ओळीत पुढे, पठणात मात्र इमाम.

या शेऱ्यात विसंगती नाही. पठण हफ्स आपले सावत्र वडील आसिम यांच्याकडे वर्षानुवर्षे घोकून शिकले होते. हदीसमध्ये शेकडो नावे आणि मजकूर एकमेकांत न मिसळता जपावे लागतात. ते वेगळे कसब आहे. म्हणून ‘मतरूक’चे भाषांतर ‘खोटारडा’ असे करू नका; त्यासाठी ‘कझ्झाब’ हा वेगळा, कठोर शब्द आहे.

शेरा देणारा कोण, तेही पाहा. चीनच्या तुकड्याची प्रसिद्ध सनद अबू आतिका नावाच्या रावीवर उभी आहे. त्यांच्याविषयी बुखारी म्हणतात, ‘मुन्कर अल-हदीस’. दुसऱ्या कोणी हेच शब्द वापरले तर अर्थ सौम्य असू शकतो. बुखारींच्या तोंडी मात्र अर्थ असा होतो की या माणसाकडून हदीस घेऊ नये.

पाचवी पायरी: सांधे तपासा

आता ‘अन’च्या खुणांकडे वळा. इब्न सिरीन यांचे वडील अनस यांचेच मुक्त केलेले गुलाम होते, आणि इब्न सिरीन स्वतः अनस यांच्या जवळ वावरले होते. इथे सैल शब्दाचा धोका उरत नाही. या साखळीचा दोष तुटण्याचा नाही, हफ्स यांचा आहे. साखळी तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकीच मजबूत धरायची, त्यामुळे ही सनद ‘दईफ जिद्दन’, म्हणजे अत्यंत दुर्बल.

सहावी पायरी: सनदीचा दर्जा आणि वचनाचा दर्जा वेगळे ठेवा

नवखा अभ्यासक इथे थांबतो आणि ‘ही हदीस दुर्बल आहे’ असे लिहितो. सिद्ध झाले आहे ते इतकेच की ही एक सनद दुर्बल आहे. हेच वचन अनस यांच्याकडून इतर वाटांनीही येते, आणि अली, इब्न मसऊद, इब्न अब्बास अशा इतर सहाबींच्या, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांच्या, नावानेही येते. त्या वाटाही सदोष आहेत. प्रश्न असा की अनेक सदोष वाटा मिळून एक भक्कम वाट होते का?

नियम असा: स्मरणशक्तीच्या किरकोळ दोषाची वाट दुसऱ्या तशाच स्वतंत्र वाटेने सावरते, पण मतरूक किंवा खोट्या ठरलेल्या माणसाची वाट दुसऱ्याला टेकू देऊ शकत नाही. कोणती वाट कोणत्या वर्गात घालायची यावरूनच मतभेद होतात. या वचनावर ते ठळक दिसतात. अहमद बिन हंबल यांच्या मते या विषयावर काहीच सिद्ध होत नाही. नववींनी सनद दुर्बल आणि अर्थ बरोबर मानला. त्यांचेच शिष्य मिझ्झी म्हणाले की सगळ्या वाटा मिळून वचन ‘हसन’, म्हणजे स्वीकारार्ह पण सर्वोच्चाहून एक पायरी खालच्या, दर्जाला पोहोचते. सुयूतींनी पन्नासच्या आसपास वाटा गोळा करून त्याला सहीह, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे, ठरवले. म्हणून sunnah.com वर हदीसखाली दिसणारा एका शब्दाचा दर्जा निबंधात तसाच उतरवू नका. तो कोणाचा निर्णय आहे, आणि सनदीचा आहे की वचनाचा, हे शोधून लिहा.

चीनच्या तुकड्याला असा आधार मिळत नाही. बैहकींनी मतन प्रसिद्ध पण सनद दुर्बल म्हटले, तर इब्न हिब्बान यांनी ते निराधार ठरवले.

सातवी पायरी: इतिहासाचा प्रश्न वेगळा विचारा

हदीसचा दर्जा सांगतो की वचन प्रेषितांचे मानावे की नाही. तुमचा निबंध इतिहासाचा असेल तर हे वाक्य केव्हा प्रचारात होते, हाही प्रश्न आहे, आणि दुर्बल हदीससुद्धा त्याचे उत्तर देते. इस्हाक बिन राहवैह हिजरी 238 मध्ये वारले. ते म्हणतात की ज्ञान मिळवणे आवश्यक आहे, याबाबतची हदीस सहीह नाही, पण तिचा अर्थ असा की वुझू, नमाज, जकात यांसाठी लागेल तेवढे ज्ञान माणसाने मिळवावे. म्हणजे इब्न माजा (मृत्यू हिजरी 273) यांच्या आधीच्या पिढीत वचन चर्चेत होते, शंकेच्या घेऱ्यातही होते. शिवाय तिथे ‘इल्म’, म्हणजे ज्ञान, या शब्दाचा अर्थ आजच्या शाळा-विद्यापीठांतल्या शिक्षणाचा नव्हता.

तळटिपेत ‘हदीस’ या एका शब्दाऐवजी आता असे लिहिता येईल:

‘इब्न माजा, सुनन, क्र. 224, पूर्वार्ध. सनदीतील हफ्स बिन सुलेमान हे असदी (मृ. हि. 180) असून हदीसमध्ये मतरूक आहेत, म्हणून ही सनद अत्यंत दुर्बल. इतर सनदी धरून मिझ्झींनी वचन हसन व सुयूतींनी सहीह मानले. अहमद बिन हंबल यांना ते मान्य नाही. “चीन”चा तुकडा वेगळ्या सनदीने येतो, ती अबू आतिकामुळे स्वीकारार्ह नाही. “आणि मुस्लिम स्त्रीवर” हे शब्द, सखावींच्या मते, कोणत्याही सनदीत नाहीत.’