ना नफा ना तोटा: किती विक्रीला दुकान बरोबरीत येतं?

दुकानाच्या आराखड्यात आधी खर्चाचे दोन भाग करा. भाडं, पगार, कर्जाचा हप्ता हे विक्री झाली नाही तरी द्यावे लागतात, म्हणून ते स्थिर खर्च. मालाची खरेदी आणि पॅकिंग नगागणिक वाढतं, तो बदलता खर्च.

समजा महिन्याचा स्थिर खर्च 30,000 आहे. एक नग 50 ला विकला जातो आणि त्यावर 35 खर्च होतात. म्हणजे प्रत्येक नगामागे 15 उरतात. 30,000 ला 15 ने भागलं की 2,000 नग येतात. महिन्यात 25 दिवस दुकान उघडं असेल, तर रोज 80 नग. एवढं गिऱ्हाईक खरंच येईल का, हे आता डोळ्यांसमोर आणता येतं.

खरी गफलत सवलत देताना होते. किंमत 10 टक्क्यांनी उतरवून 45 केली की नगामागे 15 ऐवजी 10 च उरतात. बरोबरीला आता 3,000 नग लागतात, म्हणजे दीडपट विक्री! गल्ल्यावर गर्दी दिसते, पण महिनाअखेरीस भाड्याला पैसे कमी पडतात.

दुकानात अनेक वस्तू असतील तर नग मोजू नका. विक्रीच्या दर 100 मागे सरासरी 30 उरत असतील, तर 30,000 भागिले 0.30, म्हणजे 1,00,000 ची विक्री हवी. मात्र कमी नफ्याचा माल जास्त खपू लागला की हा आकडा वर सरकतो, म्हणून तो दर महिन्याला पुन्हा काढा. आणि स्थिर खर्चात स्वतःचा पगार धरायला विसरू नका. बरेच जण तोच वगळतात.